ठरल्याप्रमाणे रंग दिला, तरी ग्राहक म्हणतो ‘फुकट पुन्हा करा’: उत्तर कसं ठरवायचं

खान्देशात श्रावण लागला की घरं रंगवायची घाई होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, भाऊबंद जमतात, आणि त्याआधी भिंती स्वच्छ झाल्या पाहिजेत असं प्रत्येक घराला वाटतं. रंगकामाचा ठेका घेणाऱ्यांची ही कमाईची वेळ असते आणि भांडणाचीही. काम उरकतं, पाहुणे येतात, कोणीतरी भिंतीकडे बघून नाक मुरडतं आणि दोन दिवसांनी फोन येतो: ‘हा रंग आम्ही सांगितलाच नव्हता, पुन्हा करून द्या, नाहीतर पैसे परत करा.’

काम खरंच बिघडलेलं असेल तर उत्तर सोपं आहे, दुरुस्त करून द्यायचं. अवघड असतं ते शेड नंबर तोच, कंपनी तीच, दोन हात पूर्ण, आणि तरीही ग्राहक नाखूश असताना. लगेच ‘हो’ म्हटलं तर मजुरी अंगावर येते, लगेच ‘नाही’ म्हटलं तर बाकी अडकते. इथे मी असंच एक प्रकरण शेवटपर्यंत उलगडून दाखवतो. आकडे त्या कामाचे आहेत. तुमच्या गावात मजुरी आणि डब्याचा भाव वेगळा असेल, हिशोबाची पद्धत मात्र तीच राहील.

प्रकरण असं होतं. अमळनेरकडचं एक घर, मालक निवृत्त, सगळे त्यांना आबा म्हणतात. पूर्ण घराचा ठेका 96,000 रुपयांचा. 40,000 अ‍ॅडव्हान्स, पुट्टी-प्रायमर झाल्यावर 30,000, बाकी 26,000. हॉलला निळसर झाक असलेला राखाडी रंग. शेड आबांच्या मुलाने आणि सुनेने निवडली होती, भिंतीवर पट्टा मारून दाखवला होता, आबांनी तो पाहिला होता. कानबाईला पुण्याहून जावई आले आणि म्हणाले, हॉल दवाखान्यासारखा निळा दिसतो. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन: ‘माले हाऊ रंग आवडना नही. हॉल परत करा, नाहीतर हॉलचे पैसे परत द्या. तवपर्यंत बाकी मागू नका.’

या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: रंग आवडला नाही, काम पुन्हा हवं, आणि बाकी रोखली. उत्तर ठरवताना पहिल्यापासून शेवटपर्यंत या तिन्ही सुट्या ठेवायच्या. बहुतेक भांडणं चिघळतात ती या तिन्हींचं एकच उत्तर द्यायला गेल्यामुळे.

फोनवर निकाल द्यायचा नाही

पहिल्या फोनवर एवढंच म्हणायचं: ‘आबा, तुमचं म्हणणं कळलं. मी उद्या दुपारी स्वतः येतो, भिंत पाहतो आणि मग तुम्हाला लिहून कळवतो.’ ‘चूक झाली असेल’ असं म्हणायचं नाही आणि ‘आमचं काम बरोबरच आहे’ असंही नाही. पहिलं वाक्य पुढे कबुली म्हणून वापरलं जातं. दुसऱ्याने समोरचा हट्टाला पेटतो आणि मग भिंत पाहूनही काही उपयोग होत नाही.

दुपारची वेळ मुद्दाम सांगतो. रंग उजेडात तपासायचा असतो, दिव्याखाली तपासला की वाद वाढतो. शिवाय संध्याकाळी घरात माणसं जमलेली असतात. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला माणूस चारचौघांसाठी उत्तर देतो, आणि मग आबांनाही माघार घेता येत नाही.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची: तक्रार नक्की कोणाची आणि पसंती कोणी दिली होती? एकत्र घरात निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि नाव ठेवणारा तिसरा असतो. इथे नाव ठेवणारे जावई होते. त्यांच्याशी थेट बोलायला जायचं नाही. व्यवहार आबांशी झाला, उत्तर आबांनाच.

जाण्याआधी काय ठरलं होतं ते हातात घ्या

घरून निघण्यापूर्वी ठरावाचे कागद काढायचे. कागद म्हणजे करारनामाच हवा असं नाही. कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला शेड नंबर, पट्ट्याचा फोटो, ‘हाच करा’ हा मेसेज, दुकानाचं बिल, हे सगळं मिळून ठराव होतो. त्यातून चार गोष्टींची उत्तरं मिळायला हवीत: शेड नंबर कोणता, कोणत्या कंपनीचा कोणता माल, मॅट की चकाकी असलेला, आणि किती हात.

सगळ्यात पक्का पुरावा डब्याच्या झाकणावर असतो. दुकानातल्या टिंटिंग मशीनवर रंग बनवला की त्यातून स्टिकर निघतं. त्यावर शेडचा नंबर असतो आणि बहुतेक वेळा बेस व तारीखही असते. प्रत्येक डब्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवणारा ठेकेदार निम्मं भांडण तिथेच मिटवतो. उरलेला अर्धा-पाव लिटर रंगही घरमालकाकडेच झाकण घट्ट लावून ठेवावा. टचअपला तो लागतो आणि वाद झाला तर पुरावा घरातच असतो.

ठरावात एखादी गोष्ट लिहिलेलीच नसेल, म्हणजे फिनिश कोणता हे बोलणंच झालं नसेल, तर ‘ठरल्याप्रमाणे केलं’ असं म्हणता येणार नाही. तो मुद्दा निम्मा ग्राहकाचा समजून चालायचं आणि उत्तरही तसंच द्यायचं.

भिंतीवर काय पाहायचं

तपासणी ग्राहकाला सोबत घेऊन करायची. आधी दिवे बंद, पडदे उघडे. शेड कार्ड भिंतीला चिकटवून धरायचं, हातभर लांब धरून बघण्यात अर्थ नाही. त्याहून चांगला उपाय म्हणजे पांढऱ्या जाड कागदाला दोन चौकोनी खिडक्या कापायच्या, एकीखाली कार्डाची शेड ठेवायची, दुसरीतून भिंत दिसू द्यायची. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की डोळा फक्त दोन रंगांची तुलना करतो. आबांच्या हॉलमध्ये दोन्ही चौकोन सारखे दिसले आणि ते त्यांनी स्वतः पाहिलं. इथे ‘बघा, मी म्हणत होतो ना’ असं म्हणायची गरज नाही.

चौकोन जुळले नाहीत तर स्टिकर बघा. स्टिकरवर वेगळा नंबर असेल तर चूक तुमची किंवा दुकानदाराची. ग्राहकाला त्याचा भुर्दंड नाही, काम फुकट करायचं आणि दुकानदाराशी नंतर बोलायचं. नंबर बरोबर असूनही भिंत वेगळी दिसत असेल तर मशीनमध्ये चूक झालेली असू शकते किंवा कार्ड जुनं होऊन उडालेलं असू शकतं. दुकानातल्या नव्या कार्डाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही.

मग जुळलेला रंग निळा का दिसत होता? कार्डावरची शेड बोटभर असते. तीच चार भिंतींवर गेली की एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो आणि झाक गडद होते. राखाडीत लपलेली निळी झाक अशा वेळी वर येते. आबांच्या हॉलची मोठी खिडकी उत्तरेला आहे आणि श्रावणात आभाळ भरलेलं होतं, म्हणजे दिवसाचा उजेडही निळसरच. त्यात हॉलमध्ये पांढऱ्याफेक एलईडी ट्यूब, 6500 केल्विनच्या. जावई संध्याकाळी आले होते आणि त्यांनी रंग याच ट्यूबखाली पाहिला. दिव्याच्या डब्यावर हा आकडा छापलेला असतो. 3000 च्या आसपासचा दिवा पिवळसर, 4000 चा मधला, 6500 चा निळसर. ग्राहकाला हे व्याख्यान देऊन पटत नाही. एक 4000 चा दिवा सोबत न्यायचा आणि लावून दाखवायचा.

यानंतर जे काम खरोखर आपल्या हाताचं आहे ते तपासायचं, आणि तितक्याच कडकपणे. मोबाइलची बॅटरी भिंतीला लागून आडवी धरली की पुट्टीच्या लाटा, घासकामात राहिलेले चरे आणि रोलरचे पट्टे सावलीत उठून दिसतात. आखाजीच्या सुमारास, भर उन्हाळ्यात केलेल्या कामात हे पट्टे जास्त सापडतात. आपल्याकडच्या उन्हात रंग इतका भराभर वाळतो की पुढचा रोलर आधीच्या ओल्या कडेला मिळतच नाही आणि जोड दिसत राहतो. पावसाळ्यात उलट होतं: पहिला हात नीट वाळला नसताना दुसरा मारला की डाग उमटतात. आबांच्या हॉलमध्ये खिडकीशेजारी असा हातभर डाग होता आणि कोट्याच्या फरशीवर कोपऱ्यात रंगाचे थेंब होते. आबांनी यातलं काहीच दाखवलं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: ग्राहकाला न दिसलेला दोष सापडला तर तो आपणच दाखवायचा आणि त्याच दिवशी फुकट काढून द्यायचा. ‘हे माझं, हे मी करतो’ असं म्हणणाऱ्याच्या ‘ते माझं नाही’ला वजन येतं.

भिंतीत ओल असेल, पोपडे सुटले असतील तर तो वेगळा विषय आहे. ओल कुठून येते हे शोधल्याशिवाय त्यावर पुन्हा रंग मारण्याचं आश्वासन, फुकट किंवा विकत, देऊच नये.

पुन्हा करायला खरा खर्च किती

खर्च माहीत नसताना घेतलेला निर्णय एकतर भीतीतून येतो, नाहीतर रागातून. म्हणून कागदावर मांडा.

हॉल 18 बाय 13 फूट, उंची 10. भिंतींची लांबी 62 फूट, म्हणजे 620 चौरस फूट. दारं-खिडक्यांचे 100 वजा करून 520. दोन हातांना लिटरमागे शंभर-सव्वाशे फूट धरलं तर पाच लिटर रंग, त्या मालाच्या भावाने 2,400 रुपये. दोन पेंटर, दोन दिवस, 900 रुपये रोज, म्हणजे 3,600. पॉलिश पेपर, टेप, झाकायचं प्लास्टिक, गाडीभाडं मिळून 500. एकूण 6,500. पुट्टी-प्रायमर पुन्हा लागत नाही, हलकं घासलं की पुरतं. रंग गडदावरून फिका करायचा असेल तर तिसरा हात धरावा लागतो आणि खर्च त्या प्रमाणात वाढतो. नेहमीच्या नफ्यासह हेच काम मी 8,500 ला घेतलं असतं.

एक खर्च कागदावर येत नाही. सीझनमध्ये दोन माणसं दोन दिवस इकडे आली की दुसरं घर थांबतं. म्हणून पुन्हा करायचं ठरलंच तर तारीख सीझननंतरची द्यायची आणि तसं उघड सांगायचं.

आता 6,500 ची तुलना बाकीच्या 26,000 शी करण्याचा मोह होतो: ‘देऊन टाकू फुकट, बाकी तर सुटेल.’ मी ही तुलना मुद्दाम करत नाही. बाकी हा झालेल्या कामाचा पैसा आहे. ती मिळावी म्हणून न ठरलेलं काम फुकट केलं, तर बाकी रोखली की काम निघतं हे त्या घराला कळतं आणि त्यांच्याकडून गल्लीलाही.

चार उत्तरं, आणि कोणतं कधी

दोष आपला असेल तर तेवढा भाग फुकट. यात घासाघीस नाही.

ठराव अपुरा होता, दोघांचा समज प्रामाणिकपणे वेगळा होता, तर खर्च वाटून घ्यायचा. माल त्यांचा, मजुरी आपली, हा सगळ्यांना समजणारा तोडगा आहे.

काम ठरल्याप्रमाणे आहे पण मन बदललं, आणि ग्राहक सरळ बोलतोय, तर नफा न घेता लागतील तेवढ्या पैशांत करून द्यायचं. किंवा चारऐवजी एक-दोन भिंती बदलायच्या. बहुतेक वेळा टीव्हीमागची आणि दारासमोरची भिंत बदलली की हॉलचा चेहरा बदलतो आणि खर्च निम्मा होतो.

काम ठरल्याप्रमाणे आहे, पुरावा समोर आहे, आणि तरी बाकी बुडवण्यासाठीच रोज नवी तक्रार निघते आहे, तर सरळ नकार. ओळखायची खूण अशी: एका मुद्द्याचं निरसन झालं की दुसराच मुद्दा पुढे येतो, आणि ‘मग कोणता रंग करू?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्याला खरंच रंग बदलायचा आहे त्याच्या मनात दुसरा रंग तयार असतो.

रोख परताव्याबद्दल मी कडक आहे. काम ठरल्याप्रमाणे असताना पैसे परत दिले तर भिंतीवर रंग राहतो, हातात पैसेही येतात, आणि देणाऱ्याने दोष मान्य केला असा अर्थ निघतो. सूट द्यायचीच असेल तर ती पुढच्या कामाच्या दरात द्यायची आणि तसं लिहून द्यायचं.

कायदा कुठे उभा आहे

‘ग्राहक कोर्टात जाईन’ हे वाक्य कधीतरी येतंच. ते ऐकून घाबरायचं नाही आणि हसण्यावारीही न्यायचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतली त्रुटी म्हणजे कायद्याने किंवा करारानुसार जे देणं लागतं त्यात राहिलेली उणीव. आवड-नावड त्यात बसत नाही, ठरलेलं आणि दिलेलं यातला फरक बसतो. म्हणूनच शेड नंबर आणि स्टिकरचे फोटो इतके महत्त्वाचे. घरमालकाला दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणजे त्याला जाणं अवघड नाही. 1915 या हेल्पलाइनवरही तो तक्रार नोंदवू शकतो. तशी विचारणा आली तर गप्प बसू नका, कागद जोडून उत्तर द्या.

आपल्या बाकीसाठी मात्र ग्राहक आयोग नाही. ती दिवाणी मार्गानेच मागावी लागते आणि केलेल्या कामाच्या पैशाला काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. 26,000 साठी कोर्टाची पायरी चढणं परवडत नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. म्हणून लेखी उत्तर नीट जाणं जास्त कामाचं.

उत्तर लिहिताना

भेटीच्या दुसऱ्या दिवशी आबांना हा मेसेज गेला:

‘आबा, नमस्कार. काल दुपारी आपण दोघांनी हॉल पाहिला. भिंतीचा रंग ठरलेल्या शेड नंबरशी जुळतो, कार्ड आणि डब्याच्या स्टिकरचा फोटो सोबत जोडला आहे. खिडकीशेजारचा डाग आणि फरशीवरचे थेंब ही आमच्या कामातली कसर आहे, ती गुरुवारी माणूस पाठवून विनाखर्च काढून देतो. रंग ठरल्याप्रमाणे असल्याने हॉल फुकट पुन्हा करणं किंवा पैसे परत देणं मला जमणार नाही. तुम्हाला रंग बदलायचाच असेल तर नेहमीचा दर 8,500 आहे, तुमच्यासाठी नफा न घेता 6,500 मध्ये करून देतो, किंवा समोरच्या दोन भिंती 3,500 मध्ये. हा दर महिनाअखेरपर्यंत. काम पोळ्यानंतर सुरू करता येईल. ठेक्याची बाकी 26,000 आहे, डागाचं काम झालं की ती द्यावी ही विनंती. आधी मी आणलेला दिवा चार दिवस लावून बघा, मग सांगा.’

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. आपली कसर नकाराच्या आधी आली आहे. नकार एकाच वाक्यात आहे, त्याला ‘पण’, ‘तरी’, ‘समजून घ्या’ अशी शेपटी नाही. सवलतीत नेहमीचा दरही लिहिला आहे, नाहीतर 6,500 हाच भाव वाटतो आणि घासाघीस तिथून सुरू होते. बाकीची रक्कम रंग बदलण्याशी जोडलेली नाही, फक्त आपल्या कसरीच्या कामाशी जोडली आहे, कारण तेवढंच आपण देणं लागतो. ‘जावयांनी काड्या केल्या’ असा सूर कुठेही नाही. घरच्या जावयाला कमी लेखून त्या घरातून पैसे निघत नाहीत.

मेसेज पाठवल्यावर फोन करून तो वाचून दाखवायला हरकत नाही, वयस्कर माणसांना ते बरं वाटतं. फोनवर मात्र नवी सवलत द्यायची नाही. मध्यस्थ येतील: कॉलनीतले अण्णा, दुकानदार, एखादा पाहुणा. त्यांना हाच मेसेज दाखवायचा. प्रत्येकाच्या शब्दाखातर हजार-पाचशे सोडत गेलं तर तिसऱ्या मध्यस्थापर्यंत मजुरीही उरत नाही. कोणी वाईट रिव्ह्यू टाकण्याचं बोललं तरी उत्तर तेच राहतं. रिव्ह्यू आलाच तर खाली दोन ओळींत ठराव आणि दिलेली दुरुस्ती लिहायची, घरातल्या माणसांबद्दल एक शब्दही नाही.

आबांकडे गुरुवारी डाग आणि थेंब निघाले. दिवे बदलल्यावर संध्याकाळचा निळेपणा गेला, दिवसाचा थोडा राहिला. बाकी दोन हप्त्यांत आली. दोन भिंती त्यांनी पोळ्यानंतर 3,500 देऊन बदामी करून घेतल्या. त्या वेळी शेड नंबर, फिनिश आणि दोन हात हे तिन्ही कोटेशनवर लिहिलं, मोठ्या पट्ट्याचा फोटो एकदा दुपारी आणि एकदा दिवे लावून काढला, आणि त्याखाली मुलाची नाही, आबांची सही घेतली.